दहाला आडवं होणं आणि दोनला झोप लागणं

प्रश्न: "वय ३९. सात महिने झाले, रात्री झोपच लागत नाही. वडिलांची बायपास झाली तेव्हा सुरू झालं. ते आता ठणठणीत आहेत, मी मात्र अडकलोय. दहाला आडवा होतो, दीड-दोनशिवाय डोळा लागत नाही. साडेसातला कसाबसा उठून बाइकवर कंपनीत. रविवारी साडेनऊपर्यंत झोपतो. चहा कमी केला, मोबाईल लांब ठेवला, दूध-जायफळही झालं. मेडिकलमधून अल्प्राझोलाम आणून महिनाभर घेतली. बंद केली की परत तेच, म्हणून आता अधूनमधून घेतो. बायको म्हणते घोरतोस. हे सवयी सुधारून जाईल की डॉक्टरला दाखवायला हवं?"

दाखवायला हवं. आज रात्री धावत जाण्यासारखं तुमच्या लिहिण्यात काही नाही, पण येत्या दोन-तीन आठवड्यांत एकदा नीट तपासून घ्या. आम्ही मानसोपचाराच्या ओपीडीत वापरतो तो निकष साधा आहे: झोपायला पुरेसा वेळ आणि शांत जागा असूनही आठवड्यातून किमान तीन रात्री त्रास होतो, तो तीन महिन्यांहून जास्त चालला आहे आणि त्याचा परिणाम दिवसावर दिसतो. असं असेल तर तो दीर्घकालीन निद्रानाश समजायचा. तुम्ही ही रेषा कधीच ओलांडली आहे. शिवाय घोरणं आणि झोपेची गोळी या दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, आणि त्यांच्याकडे कुणीतरी समोर बसून पाहणं गरजेचं आहे.

मात्र डॉक्टरकडे जाण्याआधी काय चाललं आहे हे तुम्हाला कळलं, तर तिथली दहा मिनिटं सत्कारणी लागतील. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

झोप कशाने बिघडली आणि ती बिघडलेलीच का राहिली, हे दोन प्रश्न वेगळे धरायला हवेत. आर्थर स्पीलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात ही मांडणी केली आणि आजही उपचार तिच्यावरच उभे आहेत. काही माणसांची झोप मुळातच नाजूक असते. मग एखादा प्रसंग येतो, जसा तुमच्याकडे वडिलांच्या ऑपरेशनचा आला, आणि झोप मोडते. इथपर्यंत सगळं स्वाभाविक आहे. आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर रात्री काढणाऱ्या माणसाने जागं राहावं, फोन वाजला की दचकावं, हे शरीराचं कामच आहे. बहुतेकांची झोप काही आठवड्यांत परत येते. ज्यांची येत नाही, त्यांच्या बाबतीत तिसरी गोष्ट घडलेली असते: गेलेली झोप भरून काढण्यासाठी माणूस जे उपाय करतो, तेच झोप परत येऊ देत नाहीत. लवकर आडवं होणं, सकाळी उशिरापर्यंत पडून राहणं, रविवारी भरपाई करणं, आणि झोप लागावी म्हणून प्रयत्न करणं. वडील बरे झाले तरी तुमची झोप परतली नाही, त्यामागे मला सगळ्यात जास्त शक्यता याचीच वाटते.

तुमचाच हिशेब घ्या. रात्री दहा ते सकाळी साडेसात म्हणजे साडेनऊ तास तुम्ही अंथरुणावर आहात. त्यातली झोप सरासरी साडेपाच-पावणेसहा तास. म्हणजे रोज जवळजवळ चार तास जागेपणी पडून जातात. सात महिने मेंदूला हेच शिकवलं जातं आहे, की गादी ही कूस बदलण्याची, घड्याळ बघण्याची आणि "आज तरी लागेल ना" असं विचारण्याची जागा आहे. तुम्हाला हे जाणवलंही असेल: सोफ्यावर टीव्ही बघताना डोळे मिटतात, पण उठून बेडरूममध्ये जाऊन दिवा मालवला की टक्क जाग येते. किंवा पाहुण्यांकडे, गावाला, एसटीत छान झोप लागते आणि स्वतःच्या पलंगावर नाही. असं होत असेल तर डॉक्टरला आवर्जून सांगा. जागेपणाची ही सवय गादीशी जोडली गेल्याची ती मोठी खूण आहे.

दहाला आडवं होण्याची चूक समजायला झोपेची यंत्रणा थोडी समजून घ्यावी लागते. आपण जागे असतो तसतसा मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि झोपेची ओढ वाढते. साधारण सोळा तास जागं राहिल्यावर ती ओढ प्रौढ माणसाला झोप लागण्याइतकी होते. तुम्ही साडेसातला उठता, म्हणजे दहा वाजता फक्त साडेचौदा तास झालेले असतात. रविवारी साडेनऊला उठलात तर रात्री दहाला साडेबाराच तास. रविवारची रात्र वाईट जाते अशी तक्रार इतके जण करतात त्याचं मूळ इथे आहे. शिवाय शरीराचं आतलं घड्याळ नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास मेंदूला मुद्दाम जागं ठेवतं. तुमची प्रत्यक्ष झोप दीडला लागत असेल, तर साडेदहा ते साडेबारा हा तुमच्या मेंदूचा चोवीस तासांतला सगळ्यात सावध काळ असू शकतो. नेमका तोच काळ तुम्ही अंधारात डोळे मिटून काढता आहात.

आता चहा-मोबाईलबद्दल. कॅफिन अ‍ॅडिनोसिनची जागा अडवतं, म्हणून तरतरी येते. शरीरातलं निम्मं कॅफिन जायला सरासरी पाच तास लागतात, काहींना तीन, काहींना सात. संध्याकाळी सहाला कडक कॉफी घेतली तर अकरा वाजता तिचा निम्मा भाग अजून काम करत असतो. त्यामुळे दुपारी दोननंतर चहा-कॉफी नको, एवढं पाळलं की पुरे. सकाळच्या दोन कपांवर पाणी सोडायची गरज नाही. मोबाईलचं तेच. पडद्याच्या उजेडापेक्षा "अजून एक बघतो" म्हणत लांबत जाणारी वेळ आणि डोकं तापवणारा मजकूर जास्त नडतो. तुम्ही तो लांब ठेवलात हे योग्यच आहे. पण या गोष्टी एकट्याने सात महिन्यांचा निद्रानाश मोडत नाहीत. लोक त्या सगळ्या करून पाहतात, फरक पडत नाही, आणि आपल्याला काहीतरी भयंकर झालंय असं वाटून आणखी हताश होतात.

दोन सवयी तुम्ही लिहिल्या नाहीत, म्हणून विचारतो. तंबाखू आहे का? निकोटिन झोप उडवतं. जेवणानंतरची सिगारेट, झोपताना गालात धरलेला बार, रात्री लावलेली मिश्री, सगळ्यात निकोटिन असतंच. ओपीडीत "व्यसन नाही" म्हणणारे मिश्री धरत नाहीत, म्हणून मी नाव घेऊन विचारतो. दुसरी दारू. तिने डोळा लवकर लागतो, पण मध्यरात्रीनंतर झोपेचे तुकडे होतात आणि घोरणंही वाढतं. अल्प्राझोलामच्या गोळीबरोबर दारू घेणं तर श्वासासाठी धोक्याचं आहे. या दोन्हींपैकी काही असेल तर डॉक्टरला मोकळेपणाने सांगा. जायफळाचं म्हणाल तर दुधात चिमूटभर ठीक आहे. पण झोप येत नाही म्हणून चमचा-चमचा घेऊ नका, त्या मात्रेत ते विषारी ठरतं. छातीत धडधड आणि भ्रम घेऊन आलेले लोक मी पाहिले आहेत.

यापुढे मी ज्यासाठी डॉक्टर हवा म्हणतो आहे तो भाग. "झोप लागत नाही" या एकाच वाक्याआड अनेक वेगळी दुखणी लपतात. काहींचे उपचार एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

पहिली शक्यता, घड्याळच पुढे सरकलेलं असणं. काही माणसांना, विशेषतः तरुणांना, दोनला झोपून दहाला उठायची मुभा दिली तर ती आठ तास सलग झोपतात. त्यांची झोप चांगली असते, वेळ चुकीची असते. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही कसे झोपलात ते आठवा. दोनला आडवं झाल्यावर पाच-दहा मिनिटांत झोप लागत होती आणि सकाळी ताजंतवानं वाटत होतं, तर हा प्रकार असू शकतो. तिथे सकाळच्या उजेडाची आणि ठरावीक वेळी दिलेल्या मेलाटोनिनची योजना करावी लागते. मेलाटोनिनची वेळ चुकली तर उपयोग होत नाही, कधी उलटाही परिणाम होतो, म्हणून ते स्वतःहून आणू नका.

दुसरी, पाय. ही इतक्या वेळा निसटते की तिच्यावर थोडं थांबतो. चाळिशीच्या एक शिक्षिका माझ्याकडे झोपेची गोळी वाढवून मागायला आल्या होत्या. दोन वर्षं झोप नाही, क्लोनाझेपामचाही उपयोग नाही. आडवं झाल्यावर नेमकं काय होतं असं विचारलं तर म्हणाल्या, पाय वळवळतात, कसंसंच होतं, उठून स्वयंपाकघरात फेऱ्या मारल्या की बरं वाटतं, नाहीतर ओढणी घट्ट बांधून झोपते. हे त्यांनी आधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण पाय दुखतात हे बाईने सांगायचं दुखणं आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. स्वस्थ बसल्यावर किंवा पडल्यावर पाय हलवावेसे वाटणं, हलवले की आराम पडणं आणि संध्याकाळ-रात्री त्रास वाढणं, एवढं जुळलं की अस्वस्थ पायांचा हा आजार ओळखता येतो. त्यांचं हिमोग्लोबिन कामचलाऊ होतं, म्हणून लोहाचा विचार कुणी केला नव्हता. पण साठवलेलं लोह दाखवणारी फेरिटिनची तपासणी केली तर आकडा १४ आला. पाळीत अंगावरून जास्त जात होतं. या आजारात फेरिटिन ७५च्या खाली असेल तरी लोह देतात, मग अहवालाच्या कागदावर १४ हा आकडा "नॉर्मल"च्या रकान्यात का असेना. लोहाची गोळी चहापासून लांब, लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितली, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि सर्दीसाठी त्या रोज घेत असलेली झोपाळू अ‍ॅलर्जीची गोळी बंद केली, कारण त्या प्रकारच्या गोळ्यांनी पायांचा त्रास वाढतो. तीन महिन्यांनी फेऱ्या थांबल्या. त्यानंतर क्लोनाझेपाम हळूहळू कमी करत बंद झालं. तुम्हाला असं काही होत असेल तर वर सांगितलेल्या सवयींनी काही साधणार नाही, आधी रक्त तपासावं लागेल.

तिसरी, श्वास. घोरणारा प्रत्येक माणूस आजारी नसतो. मात्र पत्नीला एक नेमकी गोष्ट विचारा: घोरता घोरता आवाज मध्येच बंद पडतो का, आणि थोड्या वेळाने गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेऊन परत सुरू होतो का? त्याच्या जोडीला सकाळी डोकं जड किंवा तोंड कोरडं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, दिवसा सिग्नलला थांबल्यावर डुलकी, वाढलेलं ब्लडप्रेशर, सोळा-सतरा इंचांच्या वरची कॉलर यांपैकी काही असेल तर झोपेत श्वास अडण्याचा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, शोधायलाच हवा. अंगाने जाड नसलात म्हणून तो बाद होत नाही. आपल्याकडे जबड्याच्या ठेवणीमुळे बेताच्या वजनाच्या माणसांतही दिसतो. निद्रानाश आणि अ‍ॅप्निया एकत्र असणं दुर्मीळ नाही. अशा माणसाने झोपेच्या गोळ्या घेतल्या तर घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि श्वास अधिक अडतो. तुम्ही अल्प्राझोलाम घेता आणि घोरता, म्हणून मला ही शंका आधी मिटलेली हवी.

चौथी, मन. झोप उडणं हे नैराश्याचं आणि चिंतेच्या आजाराचं लक्षण असतं, आणि उलटही खरं आहे: लांबलेल्या निद्रानाशातून पुढे नैराश्य येण्याची शक्यता वाढते. म्हणून "आधी कोण" हा वाद न घालता दोन्हींवर उपचार करायचे असतात. कामात, मुलांत, जेवणात रस उरलाय का, हे स्वतःला विचारा. एक गोष्ट मात्र वेगळी ओळखायला हवी. तीन-चार तास झोपूनही थकवा नाही, उलट अंगात वारं शिरल्यासारखी ऊर्जा, बोलणं भरभर, खर्च सैल, डोक्यात मोठमोठ्या योजना, असं काही दिवस चालत असेल किंवा पूर्वी कधी झालं असेल, तर तो निद्रानाश नाही. ती बायपोलर आजाराची चाहूल असू शकते. तिथे झोप कमी करणारा उपाय आजार भडकवतो.

पाचवी, इतर शारीरिक आजार आणि चालू औषधं. थायरॉइड जास्त चालत असेल तर हात थरथरतात, वजन उतरतं, उकडतं आणि झोप उडते. थायरॉइड कमी असलेल्याला गोळीचा डोस जास्त झाला तरी हेच होतं. आम्लपित्त, दमा, सांधेदुखी, पाळी जाण्याच्या काळातल्या गरम वाफा ही नेहमीची कारणं. औषधांत प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइड्स, दम्यासाठीच्या काही गोळ्या, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, काही नैराश्यविरोधी औषधं झोप उडवतात. बऱ्याचदा गोळी बदलावीही लागत नाही, रात्रीची सकाळी घेतली की काम होतं, पण ते डॉक्टरला विचारून. रात्री घेतलेली लघवीची गोळीही अशीच माणसाला उठवत राहते.

समजा हे सगळं तपासलं आणि काही निघालं नाही. मग उपचार काय? आज जगभरातल्या मार्गदर्शक सूचनांत, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१६ सालच्या सूचनांतही, पहिला उपचार म्हणून गोळी दिलेली नाही. निद्रानाशासाठीची वर्तनोपचाराची पद्धत दिली आहे. साधारण सहा ते आठ बैठका लागतात. ती नीट शिकलेले समुपदेशक आपल्याकडे मोठ्या शहरांतही मोजकेच आहेत, म्हणून तिचा गाभा तुमच्या आकड्यांवर मांडून दाखवतो. डॉक्टरांनी श्वासाची आणि मनाची शंका मिटवल्यावर त्यांच्या देखरेखीत हे करता येतं.

आधी दोन आठवडे झोपेची वही ठेवा. सकाळी उठल्यावर अंदाजाने लिहायचं: किती वाजता आडवा झालो, साधारण किती वाजता डोळा लागला, मध्ये किती वेळ जाग होती, किती वाजता उठलो, दुपारची डुलकी, चहा, गोळी. रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही. वेळेची अचूकता तितकी महत्त्वाची नाही. मनगटावरच्या बँडचे आकडे बाजूला ठेवा. शांत पडून जागं असणं आणि झोप यांत त्यांचा गोंधळ होतो, आणि "गाढ झोप फक्त ४० मिनिटं" असं वाचून लोक दिवसभर काळजी करतात.

समजा वहीत सरासरी झोप साडेपाच तास निघाली. मग अंथरुणावरचा वेळ साडेनऊ तासांवरून सहा तासांवर आणायचा. काही उपचारक साडेपाचही देतात, पाचच्या खाली सहसा जात नाहीत. तुम्ही बाइकने जाता, म्हणून मी सहाच देईन. उठण्याची वेळ आधी ठरवायची: साडेसहा, रविवार धरून रोज. त्यावरून मागे मोजलं की झोपायला जायची वेळ रात्री साडेबारा. दहा ते साडेबारा काय करायचं हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. बसून करायचं काहीही: वाचन, मंद गाणी, उद्याची भाजी निवडणं, मुलाच्या वह्यांना कव्हर घालणं. फक्त आडवं व्हायचं नाही आणि सोफ्यावर डुलकी काढायची नाही. संध्याकाळची दहा मिनिटांची डुलकी रात्रीची बरीचशी ओढ खाऊन टाकते.

साडेबाराला डोळे जड झाले असतील तरच गादीवर जायचं. पंधरा-वीस मिनिटं झाली असं वाटलं आणि झोप नाही, किंवा त्याआधीच चिडचिड सुरू झाली, तर उठायचं. दुसऱ्या जागी मंद दिव्यात बसायचं, पुन्हा पेंग आली की परत यायचं. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२मध्ये मांडलेली ही पद्धत आजही तितकीच उपयोगी पडते. आपल्या घरांत अडचण वेगळी असते: हॉलमध्ये आई-वडील झोपलेले, एकच बेडरूम. तिथे पलंगाशेजारी एक खुर्ची ठेवा आणि उठून तिच्यावर बसा. जमिनीवर गादी घालत असाल तर दिवसा ती गुंडाळून ठेवा, तिच्यावर बसून जेवण किंवा मोबाईल नको. गादीचा आणि जागेपणाचा संबंध तोडणं हा हेतू, खोली किती मोठी हे गौण.

पहिला आठवडा कठीण जातो, हे आधीच सांगतो. दिवसा पेंग येईल, चिडचिड होईल. अनेक लोक चौथ्या-पाचव्या दिवशी सोडून देतात, नेमकं तेव्हा झोपेची साठलेली ओढ कामाला लागणार असते. या काळात बाइकवर पेंग येत असेल तर कंपनीच्या बसने किंवा कुणासोबत जा, रात्रपाळी किंवा यंत्रावरचं काम असेल तर सुरुवात सुट्टीत करा. आठवड्याअखेर हिशेब करायचा: सहा तासांतले पाच तास सहा मिनिटं किंवा जास्त, म्हणजे ८५ टक्के, झोपेत गेले असतील तर झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणायची, सव्वाबारा. पुढच्या आठवड्यात तसंच झालं तर बारा. उठायची वेळ कायम साडेसहाच. आठवडा वाईट गेला तर वेळ तीच ठेवायची, पुढे सरकायचं नाही. असं करत सव्वाअकरापर्यंत आलात की सव्वासात तास होतात, आणि दिवसा ताजं वाटू लागतं तिथे थांबायचं. बहुतेकांना दीड-दोन महिने लागतात. फिट्स येणाऱ्यांनी, बायपोलर आजार असलेल्यांनी, झोपेत चालणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी हा उपाय स्वतःच्या मनाने करायचा नाही.

गोळीबद्दल स्पष्ट बोलतो. अल्प्राझोलाम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, ज्याने दिली त्याने चूक केली. महिनाभर रोज घेऊन एकदम बंद केली की काही रात्री झोप पूर्वीपेक्षा वाईट होते. मेंदू औषधाला सरावलेला असतो, म्हणून हा उलटा परिणाम दिसतो आणि काही दिवस ते दोन आठवड्यांत ओसरतो. तुम्हाला त्या रात्री "गोळीशिवाय माझं चालत नाही" असं वाटलं, पण त्यातून ते सिद्ध होत नाही. आता अधूनमधून घेता त्यात आणखी एक तोटा आहे: वाईट रात्र आली की गोळी, हे समीकरण पक्कं होतं आणि गोळी खिशात नसली तरी झोप येईनाशी होते. अधूनमधून घेत असाल तर ती थांबवणं सोपं असतं, तरी किती आणि किती वेळा घेतली हे डॉक्टरला खरं सांगा. हे वाचणाऱ्या कुणी महिनोन्‌महिने रोज घेत असेल तर मात्र एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. ती डॉक्टरच्या देखरेखीत आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी कमी करत उतरवायची असते. घरातल्या वयस्कर माणसांना अशा गोळ्या देताना तर दोनदा विचार करा. रात्री लघवीला उठून तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं.

कुणाकडे जायचं? आधी तुमच्या घराजवळच्या एमडी फिजिशियनकडे. ते ब्लडप्रेशर, वजन, घसा, मान बघतील, आणि गरजेप्रमाणे हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइडची टीएसएच, साखर, मूत्रपिंडाची तपासणी लिहून देतील. रात्रभर तारा लावून करायची झोपेची तपासणी साध्या निद्रानाशाला लागत नाही. श्वास अडण्याचा संशय असेल तरच लागते, आणि ती अनेकदा घरी न्यायच्या छोट्या यंत्रावरही होते. त्यासाठी छातीविकारतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ. मन, गोळी सोडवणं आणि वर्तनोपचार यांसाठी मानसोपचारतज्ज्ञ. जाताना झोपेची वही, चालू औषधांच्या पट्ट्या आणि जमल्यास पत्नीला सोबत न्या. तुम्ही झोपेत काय करता हे तीच पाहते. तिने फोनवर दोन मिनिटं घोरण्याचा आवाज टिपून आणला तर त्याहून उत्तम.

दोन-तीन आठवडे थांबू नये अशी काही लक्षणं आहेत. सपाट झोपल्यावर धाप लागते, उशा वाढवाव्या लागतात, मध्यरात्री श्वास कोंडून उठून बसावं लागतं, पाय सुजले आहेत: हे हृदयाचं असू शकतं. घरात बायपास झालेली आहे, म्हणून वडिलांच्या बाबतीतही याकडे लक्ष ठेवा. गाडी चालवताना एकदा जरी डोळा लागला असेल तर चावी बाजूला ठेवून त्याच आठवड्यात दाखवा. दोन-तीन रात्री अजिबात झोप नाही आणि वागणं बदललं, भलतेसलते आवाज ऐकू येतात, दारू एकाएकी सोडल्यावर थरकाप सुटला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. आणि रात्रीच्या त्या तासांत "असं जगून काय उपयोग" असा विचार एकदा जरी डोकावला असेल, तर तो पत्नीला त्याच रात्री सांगा आणि १४४१६ या टेलीमानसच्या क्रमांकावर फोन करा. ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत दोनच बदल करा, ते कुणालाही चालतात: रविवारसकट रोज एकाच वेळी उठा, आणि दहाला आडवं होणं थांबवून पेंग आल्यावरच गादीवर जा. श्वासाचं काय निघालं ते इथे कळवा, पुढचं त्यावरून ठरवता येईल.